एकच गिऱ्हाईक, तीन नावं

दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेणारा एखादा घरगुती व्यवसाय घ्या. एका एक्सेल फाइलमध्ये ऑर्डरी, दुसरीत पत्ते, तिसरीत उधारी. पहिलीत ‘कुलकर्णी काकू’, दुसरीत ‘एस. कुलकर्णी’, तिसरीत ‘कुलकर्णी कोथरूड’. बाई एकच, पण संगणकाच्या लेखी त्या तिघी. म्हणून डेटाबेसमध्ये आधी ग्राहकांचा तक्ता करावा आणि प्रत्येकाला एक क्रमांक द्यावा. काकूंचा 17. ऑर्डरींच्या तक्त्यात मग नाव-पत्ता नाही, फक्त 17. जुनी नावं जुळवायला मोबाइल नंबर उपयोगी पडतो. आधी +91 आणि मधल्या मोकळ्या जागा तेवढ्या काढाव्या लागतात. पण एकच नंबर सासू-सुनेचाही असू शकतो, तेव्हा शेवटची खात्री स्वतः करावी.

खरी गफलत पैशांत होते. काकूंची ऑर्डर 2,400 रुपयांची. 1,000 आगाऊ यूपीआयने आले, डबे पोचवताना 900 रोख मिळाले. शीटमधल्या ‘जमा’ रकान्यात 1,000 खोडून 1,900 लिहिले की पहिले पैसे कधी आणि कसे आले, ते पुसलंच गेलं. यासाठी पेमेंटचा तक्ता वेगळा हवा. प्रत्येक जमेची स्वतंत्र ओळ: ऑर्डर क्रमांक, तारीख, रक्कम, रोख की यूपीआय. उरलेले 500 मात्र कुठेच लिहून ठेवू नयेत. ऑर्डरच्या रकमेतून जमा वजा करून बाकी दर वेळी नव्याने काढावी.

सगळं भरून झालं की जुन्या उधारीची बेरीज नव्या बाकीशी ताडून पाहा. ती रुपया-पैशासकट जुळेपर्यंत जुन्या फाइलींना हात लावू नका.