‘प्रवेश मिळाला’ या दोन शब्दांच्या पोटात

मार्च ते जुलै हा परदेशी प्रवेशांच्या बातम्यांचा हंगाम. मोबाइल उघडला की कुणाचा ना कुणाचा ‘ॲडमिट’ आलेला असतो. बहुतेक पोस्टमध्ये एकच ठरलेलं वाक्य दिसतं: कृतज्ञ आहे, भारावून गेलोय, विद्यापीठाचं बोधचिन्ह सोबत जोडलंय. विनय आणि मिरवणं एकाच ओळीत. पण समजा, साताऱ्याकडच्या एखाद्या मुलीनं असं लिहिलं:

‘स्टुटगार्ट विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. सीजीपीए ७.२ होता, त्यामुळे फार आशा नव्हती. प्रवेश सशर्त आहे, दोन विषय जास्तीचे करायचे आहेत. कर्ज मंजूर झालंय, व्हिसा अजून बाकी आहे. आईबाबांचे आणि सरांचे आभार.’

ही पोस्ट मी रचलेली आहे, पण तिच्यातला तपशील जर्मनीला निघालेल्या कुठल्याही घरात रोज बोलला जातो. भारावल्याचा एकही शब्द नसताना यात अभिमान आहे आणि तो योग्य ठिकाणी आहे. का, ते तिची ओळ न् ओळ उलगडल्यावर कळतं.

आधी ते ७.२. आपल्याकडे हा आकडा ‘बरा आहे’ या खात्यात जातो. जर्मनीत गुणांची मोजणी उलटी चालते: १.० सर्वोत्तम, ४.० म्हणजे जेमतेम पास. आपल्या सीजीपीएचं तिकडच्या गुणांत रूपांतर करायला तिथली विद्यापीठं बव्हेरियन सूत्राची सुधारित आवृत्ती वापरतात. सर्वाधिक शक्य गुणांतून आपले गुण वजा करायचे, त्याला सर्वाधिक आणि किमान पास गुणांमधल्या फरकानं भागायचं, उत्तराला तीननं गुणून त्यात एक मिळवायचा. कमाल १० आणि पास ४ असेल तर ७.२ चे होतात २.४. पास ५ असेल तर त्याच ७.२ चे होतात २.६८.

आता गंमत पाहा. अनेक मास्टर्स कोर्सेसना २.५ किंवा त्याहून चांगल्या गुणांची अट असते. म्हणजे एकसारखाच सीजीपीए असलेल्या दोन मुलींपैकी एक आत आणि दुसरी बाहेर, केवळ एकीच्या कॉलेजची पासाची पायरी ४ आणि दुसरीच्या कॉलेजची ५ म्हणून. आपल्याकडे कुठे ४ चालतात, कुठे ५. ही किमान पायरी गुणपत्रकाच्या मागे किंवा ट्रान्सक्रिप्टवर छापलेली असावी लागते. नसेल तर परीक्षा विभागातून लेखी घ्यावी लागते, आणि तो कागद अर्ज भरायच्या आठवड्यात मिळत नाही. म्हणून तो सातव्या सेमिस्टरलाच हातात असलेला बरा. नातेवाइकांना मात्र ‘२.४’ एवढंच सांगू नये. दहापैकी समजतात.

हे सगळं होण्याआधी आणखी एक गाळणी असते. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी ‘एपीएस’ प्रमाणपत्र लागतं. दिल्लीतलं कार्यालय आपल्या पदव्या आणि गुणपत्रकं खरी आहेत का, हे तपासून ते देतं. अनेक विद्यापीठं प्रवेशाच्या अर्जासोबतच ते मागतात, त्यामुळे उशिरा अर्ज करणाऱ्याची सगळी गणितं इथेच चुकतात.

‘सशर्त’ हा पोस्टमधला सगळ्यात प्रामाणिक शब्द, कारण तो बहुतेक जण गाळतात. जर्मन विद्यापीठ आपला अभ्यासक्रम विषयवार तपासतं. बॅचलरमध्ये तुम्ही गणित किती केलं, यांत्रिकी किती, प्रयोगशाळेत किती तास घालवले, हे त्यांच्या क्रेडिट्समध्ये मोजलं जातं. एखाद्या ठिकाणी कमी पडत असेल तर थेट नकार देतात, किंवा मग प्रवेश देऊन तेवढे विषय मास्टर्सच्या सुरुवातीच्या काळात पास करायची अट घालतात. असे विषय पदवीच्या क्रेडिट्समध्ये धरले जात नाहीत आणि मुदतीत सुटले नाहीत तर प्रवेशच जाऊ शकतो. शेवटच्या वर्षात अर्ज करणाऱ्यांना दुसरी साधी अट असते: अंतिम गुणपत्रक अमुक तारखेपर्यंत जमा करा. निकाल लांबला की तीच महागात पडते. प्रवेशपत्र आलं की आधी मजकुरात ‘अट’ आणि ‘तारीख’ शोधावी, अभिनंदनाचा परिच्छेद नंतर वाचला तरी चालतो.

कर्जाच्या ओळीवर थोडं थांबू. ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे वाक्य गल्लीतल्या प्रत्येकाला पाठ आहे. बऱ्याच राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांबाबत ते खरंही आहे. पण स्टुटगार्ट ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात येतं, तिथं युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७-१८ च्या हिवाळी सत्रापासून दर सेमिस्टरला १५०० युरो शुल्क आहे. चार सेमिस्टरचे ६००० युरो. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर सहा लाख. (मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, पण त्या नात्यानं शुल्क माफ होत नाही.)

खरी मोठी रक्कम मात्र शुल्काची नाही, ब्लॉक्ड अकाउंटची. व्हिसासाठी विद्यार्थ्याला पहिल्या वर्षाचा राहण्याखाण्याचा खर्च आधीच एका गोठवलेल्या खात्यात भरावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे, म्हणजे साधारण बारा लाख. ती कुणाला देणगी म्हणून जात नाही. तिकडे पोहोचून चालू खातं उघडलं की दरमहा ९९२ युरो असे आपलेच पैसे आपल्याला परत मिळतात. घरभाडं, आरोग्य विमा, किराणा सगळं त्यातच भागवायचं. स्टुटगार्टसारख्या महागड्या शहरात विद्यार्थी वसतिगृहात खोली मिळाली तर महिना कसाबसा निघतो. खासगी खोली घ्यावी लागली तर ९९२ पुरणं कठीण. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची मुभा आहे, पण पहिल्या सेमिस्टरला जास्तीचे दोन विषय असताना ते दिवस कुठून काढायचे, हा प्रश्न बँकेच्या फॉर्मवर विचारलेला नसतो. म्हणून ‘कर्ज मंजूर झालंय’ ही ओळ मला ‘प्रवेश मिळाला’ एवढीच वजनदार वाटते. साताऱ्यातल्या घराची कागदपत्रं तारण असण्याची शक्यता तिच्यात दडलेली आहे, आणि मुलीनं ती आभाराच्या ओळीला खेटून लिहिली आहे.

राहता राहिला व्हिसा. हिवाळी सत्राचे वर्ग ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतात. प्रवेशपत्र मे-जूनमध्ये आलं, तर हातात चार महिने. त्यात खात्यात पैसे भरायचे, विमा घ्यायचा, अर्ज करायचा आणि वाट पाहायची. प्रवेशपत्र असलं तरी विद्यार्थी म्हणून नावनोंदणी ठरलेल्या मुदतीत व्हावी लागते. ती हुकली तर बहुतेक विद्यापीठांत जागा पुढच्या वर्षासाठी राखली जात नाही, पुन्हा अर्ज करावा लागतो. व्हिसा नाकारला गेला, तर गोठवलेली रक्कम नकाराचं पत्र दाखवून परत मिळते, पण खातं उघडण्याचं शुल्क आणि कर्जावरचं व्याज जातं. उशीर होतोय असं दिसलं, तर विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाला आधीच ईमेल करून उशिरा नावनोंदणीची परवानगी मागावी. काही ठिकाणी काही आठवड्यांची सवलत मिळते, तीही मुदत संपण्याआधी मागितली तरच.