गोल बागेभोवतीची फरसबंदी

गोल बागेच्या मधोमध कधी कधी जुनं झाड असतं. मग केंद्रातून त्रिज्या मोजायची कशी? टेप बागेभोवतीच्या रस्त्याच्या मध्यरेषेवरून फिरवा. समजा बागेचा व्यास २८ मीटर आणि बाहेरून रस्ता साडेतीन मीटर रुंद. मध्यरेषेचा परीघ ९९ मीटर भरेल. त्याला रुंदीने गुणलं की ३४६.५ चौरस मीटर. सूत्रही तेच सांगतं: २२/७ × (१७.५² − १४²). घाईत कुणी त्रिज्यांची वजाबाकी आधी करून तिचा वर्ग करतो, उत्तर ३८.५, म्हणजे नेमका नववा हिस्सा! चौरस मीटरला ८०० रुपये दर धरला तर खर्च २,७७,२०० रुपये. मात्र चौकोनी गट्टू वळणावर कापावे लागतात, तुकडे वाया जातात. म्हणून माल थोडा जास्तच मागवावा.