कोलब्रुक समीकरणाची पुनरावृत्तीने उकल

कोलब्रुक समीकरण हे खडबडीत नळातून वाहणाऱ्या द्रवाचा घर्षणांक देणारे समीकरण आहे. नळातून पाणी पुढे ढकलताना दाबाचा किती भाग भिंतीच्या घर्षणात खर्ची पडतो, हे या घर्षणांकावरून ठरते. समीकरणाची अडचण अशी की, जो घर्षणांक काढावयाचा तोच समीकरणाच्या दोन्ही बाजूंना येतो आणि बीजगणिताच्या साध्या रीतीने त्याला एका बाजूस आणता येत नाही. अशा समीकरणास अव्यक्त समीकरण म्हणतात. प्रस्तुत लेखात पायथन भाषेतील एका छोट्या प्रोग्रामने ते कसे सोडवावे आणि आलेले उत्तर मूडी आलेखाशी कसे पडताळावे, हे एका उदाहरणाने सांगितले आहे.

== पार्श्वभूमी ==

जर्मन संशोधक योहान निकुराडझे यांनी नळांच्या आतील बाजूस एकसारख्या आकाराचे वाळूचे कण चिकटवून प्रयोग केले व १९३३ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. परंतु बाजारात मिळणाऱ्या नळाचा खडबडीतपणा असा एकसारखा नसतो. कोठे उंचवटा मोठा, कोठे लहान. लंडन येथे कोलब्रुक व व्हाइट यांनी १९३७ मध्ये मिश्र खडबडीतपणाच्या नळांवरील प्रयोग मांडले आणि १९३९ मध्ये कोलब्रुक यांनी गुळगुळीत व पूर्ण खडबडीत या दोन टोकांना जोडणारे समीकरण दिले :

```
1/√f = -2 log10( (k/D)/3.7 + 2.51/(Re √f) )
```

येथे f हा डार्सी घर्षणांक, k ही भिंतीवरील उंचवट्यांची सममूल्य उंची, D हा नळाचा आतील व्यास आणि Re हा रेनॉल्ड्झ अंक होय. k/D या गुणोत्तरास सापेक्ष खडबडीतपणा म्हणतात. कंसातील पहिले पद भिंतीचे, तर दुसरे द्रवाच्या श्यानतेचे आहे. वेग वाढत गेला की दुसरे पद नगण्य होते आणि घर्षणांक केवळ भिंतीवर अवलंबून राहतो.

हाताने गणित करणाऱ्या अभियंत्यांसाठी हे समीकरण त्रासदायक होते. म्हणून अमेरिकेतील प्रिन्स्टन येथील प्राध्यापक लुइस मूडी यांनी १९४४ मध्ये त्यावरून वक्रांचा आलेख तयार केला. अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत तो आजही छापलेला असतो.

== पुनरावृत्तीची रीत ==

प्रथम f चे एक अंदाजी मूल्य धरावे, उदाहरणार्थ ०.०२. ते उजव्या बाजूस घालून डावी बाजू काढावी, तीवरून f चे नवे मूल्य मिळवावे आणि तेच पुन्हा उजवीकडे घालावे. लागोपाठच्या दोन मूल्यांतील फरक ठरावीक मर्यादेपेक्षा लहान झाला की थांबावे.

ही रीत येथे इतकी चांगली चालते, त्याचे श्रेय लॉगरिदमला आहे. अंदाज चुकला तरी ती चूक कंसातील केवळ दुसऱ्या पदात शिरते आणि लॉगरिदम घेताना आणखी दबते. शिवाय अंदाजी f फार मोठा असेल तर नवा f खऱ्या मूल्याच्या किंचित खाली येतो, त्यापुढचा किंचित वर. उत्तर असे दोन्ही बाजूंनी कोंडले जाते.

```python
import math

def gharshan(Re, kD, f=0.02, tol=1e-8):
    for n in range(1, 51):
        x = -2*math.log10(kD/3.7 + 2.51/(Re*math.sqrt(f)))
        nava = 1/x**2
        if abs(nava - f) < tol:
            return nava, n
        f = nava
    raise RuntimeError("no convergence")
```

फेऱ्यांची संख्या ५० वर रोखली आहे, ती केवळ दक्षतेसाठी. एरवी पाच-सहा फेऱ्या पुरतात.

== उदाहरण ==

नागपूर शहराला प्रामुख्याने पेंच प्रकल्पाच्या नवेगाव खैरी जलाशयातून आणि कन्हान नदीतून पाणी मिळते. दोन्ही ठिकाणचे पाणी शहरापर्यंत पंपांनी चढवून आणावे लागते; त्यामुळे नळातील घर्षणाचा हिशेब थेट विजेच्या खर्चाशी जोडलेला असतो. पुढील आकडे मात्र नागपुरातील कोणत्याही विशिष्ट नळाचे नसून समजण्यासाठी घेतलेले आहेत.

बिडाचा नवा नळ, आतील व्यास ६०० मिलिमीटर, त्यातून सेकंदाला ३०० लिटर पाणी जाते असे मानू. नळाचे छेदक्षेत्र ०.२८२७ चौरस मीटर, म्हणून सरासरी वेग सेकंदाला १.०६१ मीटर. पाण्याचे तापमान ३० अंश सेल्सिअस धरल्यास त्याची शुद्धगतिक श्यानता 0.80e-6 चौरस मीटर प्रति सेकंद असते. वेगाला व्यासाने गुणून श्यानतेने भागले की रेनॉल्ड्झ अंक सुमारे ७,९६,००० येतो. बिडाच्या नव्या नळासाठी पुस्तकांत k हे ०.२६ मिलिमीटर दिलेले असते. म्हणजे k/D झाले ०.०००४३३.

f = ०.०२ पासून सुरुवात केल्यास पहिल्या फेरीत ०.०१६८१७, दुसऱ्या फेरीत ०.०१६८७१ आणि तिसऱ्या फेरीत ०.०१६८७० मिळते. त्यानंतर सहाव्या दशांशस्थळापर्यंत काही बदलत नाही. वर दिलेली मर्यादा गाठून प्रोग्राम पाचव्या फेरीत थांबतो. या उदाहरणात प्रत्येक फेरीला चूक सुमारे पन्नास पटींनी घटते.

आता घर्षणामुळे होणारी शीर्षहानी डार्सी-वाइसबाख सूत्राने काढता येते :

```
h = f (L/D) V²/(2g)
```

एक किलोमीटर लांबीसाठी ती १.६१ मीटर येते. म्हणजे सपाट जमिनीवरही हे पाणी एक किलोमीटर पुढे नेण्यास पंपाला ते सुमारे १.६ मीटर उंच चढवण्याइतके काम करावे लागते.

== आलेखाशी पडताळणी ==

मूडी आलेखात आडव्या अक्षावर रेनॉल्ड्झ अंक, डाव्या उभ्या अक्षावर घर्षणांक आणि उजव्या कडेला सापेक्ष खडबडीतपणा असतो. दोन्ही अक्ष लॉगरिदमी असल्याने दोन रेषांमधील मध्य हा संख्यांचा मध्य नव्हे, हे वाचताना ध्यानात ठेवावे. आपल्या उदाहरणासाठी आडव्या अक्षावर आठ लाखांच्या जरा डावीकडून वर गेले की ०.०००४ चा वक्र सुमारे ०.०१६६ वर आणि ०.०००६ चा वक्र सुमारे ०.०१८० वर भेटतो. आपला नळ या दोहोंमध्ये, खालच्या वक्राच्या जवळ आहे. डोळ्याने वाचलेले मूल्य ०.०१६८ ते ०.०१७ असे येते आणि प्रोग्रामचे ०.०१६८७ त्यात बसते.

एकाच बिंदूवरील जुळणीवर विसंबू नये. आलेखाच्या वेगवेगळ्या भागांतील आणखी तीन बिंदू घ्यावेत. गुळगुळीत नळ (k/D = 0) व रेनॉल्ड्झ अंक एक लाख असता प्रोग्राम ०.०१८० देतो; तोच रेनॉल्ड्झ अंक ठेवून k/D = ०.००१ केल्यास ०.०२२२; आणि k/D = ०.०१ व रेनॉल्ड्झ अंक दहा लाख असता ०.०३८०. आलेखावरही हीच मूल्ये वाचता येतात. पहिला बिंदू समीकरणातील केवळ दुसरे पद तपासतो, तिसरा जवळजवळ केवळ पहिले आणि मधला दोन्ही एकत्र. त्यामुळे कोणत्या पदात चूक आहे तेही कळते.

ही पडताळणी नेमके काय सिद्ध करते, हे मात्र समजून घेतले पाहिजे. मूडी यांनी आपले वक्र कोलब्रुक यांच्या समीकरणावरूनच काढले होते. म्हणून जुळणी झाली म्हणजे प्रोग्राम बरोबर लिहिला आहे एवढेच ठरते. प्रत्यक्ष नळातील पाणी तसेच वागेल, हे त्याने सिद्ध होत नाही.

== नेहमीच्या चुका ==

प्रोग्राम कोठेही न अडखळता एका मूल्यावर स्थिरावला म्हणून ते मूल्य बरोबर असते असे नाही, आणि विद्यार्थ्यांची फसगत बहुधा येथेच होते. पायथनमध्ये `math.log` हे नैसर्गिक लॉगरिदम देते. `math.log10` ऐवजी ते लिहिले गेले तर वरील उदाहरणात प्रोग्राम तितक्याच सहजतेने ०.००३३ या मूल्यावर स्थिरावतो. आलेखाचा उभा अक्ष सहसा ०.००८ च्या आसपास सुरू होतो. मूल्य त्याखाली गेलेले दिसताच संशय घ्यावा.

एककांची चूक याच्या उलट दिशेने दिसते. k मिलिमीटरमध्ये आणि D मीटरमध्ये घातल्यास f सुमारे ०.२९ येतो. आलेखातील सर्वांत खडबडीत वक्र ०.०५ सापेक्ष खडबडीतपणाचा असतो व तेथेही घर्षणांक ०.१ च्या आतच राहतो.

काही पुस्तकांत, विशेषतः रासायनिक अभियांत्रिकीच्या, फॅनिंग घर्षणांक वापरतात. तो डार्सी घर्षणांकाच्या एक चतुर्थांश असतो. आपल्या नळासाठी सुमारे ०.००४२. पडताळणीत बरोबर चार पटींचा फरक आढळला तर प्रोग्राम नव्हे, आलेखावरील चिन्हांचा अर्थ आधी पाहावा.

समीकरण केवळ प्रक्षुब्ध प्रवाहासाठी आहे, हेही प्रोग्रामला ठाऊक नसते. रेनॉल्ड्झ अंक ५०० असताना प्रवाह स्तरीय असतो आणि घर्षणांक 64/Re म्हणजे ०.१२८ हवा, वरील प्रोग्राम गुळगुळीत नळासाठी निमूटपणे ०.०८१ देतो. रेनॉल्ड्झ अंक २,००० पेक्षा कमी असल्यास 64/Re वापरावे. २,००० ते ४,००० या पट्ट्यात प्रवाह अस्थिर असतो व कोणत्याही सूत्राचे उत्तर भरवशाचे नसते.

== अचूकतेची मर्यादा ==

आठ दशांश स्थळे प्रोग्राम देतो खरा, पण त्याला पुरवलेली माहिती तितकी नेमकी नसते. त्याच नळात हिवाळ्यात २० अंशांचे पाणी वाहू लागले तर श्यानता पाव हिश्शाने वाढते, तरी घर्षणांक ०.०१६८७ वरून ०.०१७०३ होतो, हा बदल एक टक्काही नाही. याउलट नळ जुना होऊन आत गंज व क्षार साचले आणि k वाढून १.५ मिलिमीटर झाले, असे मानल्यास घर्षणांक ०.०२५०७ होतो. शीर्षहानी किलोमीटरला १.६१ वरून २.४० मीटरवर जाते, म्हणजे जवळपास निम्म्याने वाढते. तेवढाच प्रवाह राखण्यासाठी प्रत्येक किलोमीटरमागे पाण्याला सुमारे २.३ किलोवॅट जादा शक्ती द्यावी लागते आणि पंपाची कार्यक्षमता हिशेबात धरली की विजेचा भार याहून अधिक असतो. साचलेल्या थरामुळे व्यासही घटतो, तो परिणाम येथे धरलेला नाही. जुन्या नळाचे k कोष्टकातून उचलण्यापेक्षा दोन ठिकाणचा दाब व प्रवाह मोजून समीकरण उलटे सोडवणे अधिक विश्वसनीय ठरते.

पुनरावृत्ती टाळणारी सूत्रेही आहेत. रुडकी येथील प्रभात स्वामी व अकलंक जैन यांनी १९७६ मध्ये दिलेले सूत्र प्रसिद्ध आहे :

```
f = 0.25 / [ log10( (k/D)/3.7 + 5.74/Re^0.9 ) ]²
```

आपल्या नव्या नळासाठी ते ०.०१६९७ देते, म्हणजे पुनरावृत्तीच्या उत्तरापेक्षा अर्ध्या टक्क्याहून किंचित जास्त. k मधील अनिश्चितता पाहता हा फरक नगण्य होय. वरील प्रोग्राममध्ये ०.०२ ऐवजी हेच मूल्य पहिला अंदाज म्हणून दिल्यास एखादी फेरी वाचते.