बटणाच्या फोनवरून पैसे पाठवायचे? *99# लावा!

घरातल्या आजी-आजोबांकडे साधा फोन असेल तर हे नक्की वाचा. नेट लागत नाही, नुसती रेंज हवी. फक्त सिम बँक खात्याला जोडलेलं असावं.

फोनवर हे टाइप करून कॉलचं बटण दाबा:

```
*99#
```

पहिल्या वेळी बँक निवडून डेबिट कार्डाचे शेवटचे 6 आकडे आणि मुदतीची तारीख टाकायची, मग यूपीआय पिन ठरवायचा. पुढे समजा दुकानदाराला 800 रुपये द्यायचेत: 1 दाबा, मोबाइल नंबरचा पर्याय घ्या, त्याचा नंबर टाका, स्क्रीनवर आलेलं नाव वाचा, रक्कम आणि पिन टाका. एका वेळी 5000 रुपयांची मर्यादा आहे.

उत्तर द्यायला उशीर झाला की स्क्रीन मधेच बंद पडते. पिन टाकल्यावर असं झालं तर लगेच पुन्हा पैसे पाठवू नका, दोनदा जाऊ शकतात. आधी *99# वरच 3 दाबून शिल्लक बघा.

नुसती शिल्लकच हवी असेल तर बँकेच्या नंबरवर मिस्ड कॉल पुरतो, एसएमएस येतो. काही बँकांत त्यासाठी आधी एसएमएसने नोंदणी करावी लागते. नंबर पासबुकावरून किंवा शाखेतूनच घ्या, फॉरवर्डवरून नको.