भरतीच्या नोंदीतून चंद्र-सूर्य वेगळे काढताना

मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून समुद्राच्या पाण्याची उंची नोंदवली जाते आहे. त्या नोंदीचा महिनाभराचा आलेख समोर ठेवला, की दिवसातून दोनदा चढणारी आणि दोनदा उतरणारी रेघ दिसते. पण एक चढ दुसऱ्यासारखा नसतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण येतं, अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती येते आणि पाणी त्या मानाने कमी हलतं. कारण ही रेघ एका लाटेची नाही. चंद्रामुळे येणारी मुख्य लाट दर १२ तास २५ मिनिटांनी फिरून येते, सूर्यामुळे येणारी दर १२ तासांनी. शिवाय लहानसहान आणखी बऱ्याच लाटा त्यात असतात. बंदरावरची पट्टी मात्र फक्त या सगळ्यांची बेरीज दाखवते. तर मग, नुसत्या बेरजेवरून चंद्राचा वाटा किती आणि सूर्याचा किती, हे कसं काढायचं?

फूरिये ट्रान्सफॉर्म म्हणजे हाच प्रश्न आणि त्याचं उत्तर. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला तो शिकवताना बहुतेक वेळा आधी फळ्यावर इंटिग्रल येतं. ते थोडं लांबणीवर टाकावं, असं मला मनापासून वाटतं. कारण त्यामागची युक्ती कागद-पेन्सिलीने करता येते, आणि एकदा करून पाहिली की समीकरण पाठ करावं लागत नाही.

झोक्यावर बसलेल्या मुलाला ढकलत असल्याची कल्पना करा. झोका पुढे जात असताना प्रत्येक वेळी हात लागला, तर छोटे छोटे धक्के साठत जातात. पण तुम्ही भलत्याच ठेक्यात ढकलू लागलात, तर काही धक्के झोक्याला पुढे नेतात, काही अडवतात आणि थोड्या वेळाने हिशेब जवळजवळ शून्यावर येतो. म्हणजे एखाद्या हालचालीत अमुक एक ठेका आहे का, हे ओळखायचं असेल, तर त्याच ठेक्याची आपली लाट तिच्याशी लावून पाहायची आणि काही साठतंय का ते बघायचं.

आकड्यांत हे ‘लावून पाहणं’ म्हणजे गुणाकार आणि ‘साठणं’ म्हणजे बेरीज. समजा, समुद्रात फक्त १२ तासांची एक लाट आहे आणि आपण दर तीन तासांनी पाण्याची उंची मोजतो. सरासरी पातळीपासूनचा फरक मीटरमध्ये असा येतो: १, ०, −१, ०, १, ०, −१, ०. दिवसाभराच्या आठ नोंदी. आता १२ तासांची आपली कसोटीची लाट घेऊ: १, ०, −१, ०, १, ०, −१, ०. एकाखाली एक मांडून गुणलं, की १, ०, १, ०, १, ०, १, ० मिळतात आणि बेरीज होते ४. उणे गुणिले उणे अधिक झालं, म्हणून सगळं एकाच बाजूला साठलं.

त्याच नोंदींवर २४ तासांची कसोटी लावू: १, ०.७, ०, −०.७, −१, −०.७, ०, ०.७. गुणाकार येतात १, ०, ०, ०, −१, ०, ०, ०. बेरीज शून्य. या नोंदींत २४ तासांचा ठेका नाही, हे एका बेरजेने सांगितलं.

इथे एक खाच आहे. लाट तीच, पण भरती तीन तास उशिरा आली, तर नोंदी होतात ०, १, ०, −१, ०, १, ०, −१. यांना पहिल्या कसोटीने गुणलं तर बेरीज शून्य येते, आणि लाट तर समोर दिसते आहे! ठेका बरोबर होता, वेळ पाव फेऱ्याने चुकली. म्हणून प्रत्येक ठेक्यासाठी दोन कसोट्या लागतात: एक माथ्यापासून सुरू होणारी, म्हणजे कोसाइन, आणि दुसरी पाव फेरा मागे असलेली, म्हणजे साइन. दुसरीने गुणलं की बेरीज पुन्हा ४. दोन्ही उत्तरं एकत्र घेतली, की लाट किती उंच आणि तिची भरती किती वाजता, दोन्ही कळतं. लॉर्ड केल्विन यांनी १८७०च्या दशकात भरतीच्या आलेखांवर हाच गुणाकार आणि हीच बेरीज करणारं यंत्र रचलं. त्यातला बेरजेचा भाग त्यांचे भाऊ जेम्स थॉमसन यांच्या कल्पनेवर उभा होता.

आता समीकरण लिहू.

X(f) = ∫ x(t) e^(−i2πft) dt

x(t) म्हणजे आपली नोंद. f म्हणजे आपण कुठला ठेका तपासतो आहोत ते. e^(−i2πft) मध्ये कोसाइन आणि साइन या दोन्ही कसोट्या एकत्र बांधल्या आहेत. i हे अक्षर त्यांची उत्तरं एकमेकांत मिसळू देत नाही. इंटिग्रल म्हणजे ती बेरीज. प्रत्येक f साठी हे केलं, की प्रत्येक ठेक्याचा हिशेब मिळतो.

पण पुस्तकातली ही बेरीज काळाच्या एका अनंत टोकापासून दुसऱ्यापर्यंत चालते, आणि आपल्या नोंदी कुठेतरी संपतात. खरी अडचण तिथे सुरू होते. मुंबईत चंद्राच्या लाटेची उंची सरासरी पातळीपासून सुमारे १.२ मीटर आणि सूर्याच्या लाटेची साधारण अर्धा मीटर असते. सूर्याची लाट मोजायला आपण १२ तासांची कसोटी लावतो. चंद्राची लाट या कसोटीच्या मागे रोज साधारण ५० मिनिटं पडते. त्यामुळे पहिले काही दिवस तिचे गुणाकार एकाच बाजूला साठत राहतात, पुढे ते उलट्या बाजूला जातात आणि पूर्ण फिटायला जवळजवळ १५ दिवस लागतात. तीनच दिवसांच्या नोंदी घेतल्या, तर चंद्राचा मोठा वाटा सूर्याच्या खात्यावर जमा होतो. उधाण आणि भांग यांचं चक्रही याच १५ दिवसांचं आहे; ते एकदा तरी पूर्ण पाहिल्याशिवाय दोघांना वेगळं ओळखणार कसं?

संगणकावर काम करताना विद्यार्थी यावर एक उपाय करतात: तीन दिवसांच्या नोंदींपुढे शून्यं जोडून आलेख लांबवतात. त्याने वक्र गुळगुळीत दिसतो, पण एका फुगवट्याचे दोन होत नाहीत. शून्यांत समुद्राबद्दल काही माहितीच नसते. भरतीचं विश्लेषण करणारे म्हणूनच निदान २९ दिवसांच्या नोंदी मागतात, आणि वर्षभराच्या मिळाल्या तर अधिक बरं.

दुसरी मर्यादा आहे ती किती वेळा मोजलं याची. कुणी रोज फक्त दुपारी बाराला पाणी मोजलं, तर सूर्याची लाट दर वेळी नेमक्या त्याच अवस्थेत सापडेल. ती लाट वाटणारच नाही. समुद्राची सरासरी पातळीच तेवढी आहे असं वाटेल. चंद्राची लाट रोज थोडी सरकलेली दिसेल आणि आलेखात १५ दिवसांची एक संथ लाट उभी राहील. यानंतर कितीही नेमका ट्रान्सफॉर्म केला, तरी ही संथ लाट खरी की मोजण्याच्या पद्धतीतून आली, हे त्या नोंदी सांगू शकत नाहीत. एका फेऱ्यात दोनपेक्षा जास्त वेळा मोजायला हवं. तासातासाच्या नोंदींमध्ये या लाटांसाठी हा धोका उरत नाही.

उपग्रहांना मात्र तासातासाला एकाच जागी येता येत नाही. काही उपग्रहांच्या कक्षा अशा असतात, की ते प्रत्येक ठिकाणावरून ठरावीक स्थानिक सौरवेळेलाच जातात. त्यांना सूर्याची १२ तासांची लाट स्थिर दिसते, आपल्या दुपारी बाराच्या माणसासारखीच. १९९२ मध्ये समुद्राची पातळी मोजायला सोडलेल्या टोपेक्स-पोसायडनची कक्षा म्हणूनच मुद्दाम वेगळी ठेवली होती. तो सुमारे ९.९ दिवसांनी त्याच जागेवर परत येई. त्याच्या नोंदींत चंद्राची लाट सुमारे ६२ दिवसांची आणि सूर्याची सुमारे ५९ दिवसांची दिसे. ६२ आणि ५९ हे आकडे इतके जवळचे, की एकाच जागेच्या नोंदींवरून त्यांना वेगळं करायला जवळजवळ तीन वर्षं लागतात. बंदरावरची पट्टी तेच काम पंधरा दिवसांत करते.