दहा वर्षांनी घरखर्च किती?

महिनाअखेरीस घरात जमाखर्चाची वही उघडलेली तुम्ही पाहिली असेल. समजा, अशा एका वहीत आजचा मासिक खर्च ३०,००० रुपये आहे. घरातले वडील दहा वर्षांनी निवृत्त होणार आहेत. तेव्हा याच राहणीला महिन्याला किती रुपये लागतील, याचा अंदाज त्यांना आजच हवा आहे. कारण आतापासून किती पैसे बाजूला टाकायचे, हे त्यावर ठरणार आहे. महागाईचा दर आपण वर्षाला ६ टक्के धरू. भारतात २०१६ साली महागाईचे लक्ष्य ४ टक्के ठरवले गेले आणि दोन्ही बाजूंना २ टक्क्यांची मोकळीक ठेवली गेली. तिची वरची मर्यादा म्हणजे हे ६ टक्के.

वर्गात हे गणित घातले की चटकन उत्तर येते, “सहा दाहे साठ! साठ टक्के वाढ, म्हणजे ४८,००० रुपये.” हे उत्तर चुकले आहे. ते का, ते पाहू.

आज १०० रुपयांना मिळणारी वस्तू वर्षाने १०६ रुपयांना मिळेल. दुसऱ्या वर्षीचे ६ टक्के १०० वर नव्हे, तर १०६ वर चढतात. म्हणून किंमत ११२ रुपये होत नाही, ११२ रुपये ३६ पैसे होते. हे वरचे ३६ पैसे म्हणजे वाढीवर झालेली वाढ. हेच आपले चक्रवाढ व्याजाचे गणित. दरवर्षी १.०६ ने गुणायचे, असे दहा वेळा.

दहा गुणाकार करण्याचा कंटाळा आला, तर एक युक्ती आहे. १.०६ चा वर्ग १.१२३६, ही दोन वर्षांची वाढ. तिचा वर्ग १.२६२५, ही चार वर्षांची. पुन्हा वर्ग केला की आठ वर्षांची, १.५९३९. तिला दोन वर्षांच्या १.१२३६ ने गुणले की दहा वर्षे पुरी होतात. उत्तर साधारण १.७९. ते बरोबर आहे का, हे तोंडी ताडता येते. ७२ ला दराने भागले की किंमत दुप्पट व्हायला लागणारी वर्षे अंदाजाने मिळतात. इथे ७२ भागिले ६, म्हणजे १२ वर्षे. तेव्हा दहा वर्षांत दुपटीहून थोडे कमी, हे जुळते.

मग ३०,००० ला १.७९ ने गुणून ५३,७०० म्हणायचे का? थांबा! आधी वही नीट वाचा. तीत तीन प्रकारचे खर्च आहेत.

किराणा, दूध, भाजी, वीज, प्रवास यांचे २०,००० रुपये महागाईबरोबर चढतील आणि ३५,८०० होतील. घराच्या कर्जाचा हप्ता ८,००० रुपये आहे. महागाई वाढली म्हणून तो वाढत नाही, कारण कर्ज ठरलेल्या रुपयांत फेडायचे असते. शिवाय या घराचे कर्ज आठ वर्षांत फिटणार आहे; म्हणजे दहा वर्षांनी त्या ओळीत शून्य. उरले औषधपाण्याचे २,००० रुपये. हा खर्च अधिक वेगाने, समजा १० टक्क्यांनी, वाढला तर दहा वर्षांत २.५९ पट, म्हणजे ५,१८० रुपये होईल. एकूण बेरीज ४०,९८० रुपये.

आज औषधांचा खर्च एकूण खर्चाच्या पंधराव्या हिश्शाएवढा आहे, तेव्हा तो जवळजवळ आठवा हिस्सा होईल. सगळ्यांना एकच दर लावला असता तर हे दिसलेच नसते.

पण ४०,९८० मधल्या शेवटच्या ८० रुपयांवर विश्वास ठेवू नका. पहिल्या २०,००० रुपयांसाठी ६ ऐवजी ४ टक्के दर धरला, तर ते २९,६०० होतात. ८ टक्के धरला तर ४३,२००. म्हणजे एकूण खर्च सुमारे ३५,००० ते ४८,००० यांच्या दरम्यान कोठेही असू शकेल. प्रयोगशाळेत साध्या फूटपट्टीने तारेची जाडी मोजून मिलिमीटरचा हजारावा भाग कोणी लिहीत नाही, तसेच हे. उत्तर द्यायचे ते “साधारण ४१ हजार, सहा-सात हजार इकडेतिकडे” असे.

तुमच्या घरचा दर मात्र तुम्हाला स्वतः काढता येईल. दहा वर्षांपूर्वीची एखादी किराणा पावती शोधा आणि आजच्या भावाला त्या भावाने भागा. भागाकार १.४८ आला तर वाढ वर्षाला ४ टक्क्यांची, १.७९ आला तर ६ ची, २.१६ आला तर ८ ची. एक काळजी घ्या. भाव पुड्याचा न घेता किलोचा घ्या. पुड्याची किंमत तीच ठेवून आतला माल कमी केलेला असला, तर पुडा महागला नाही असे वाटेल आणि तुमचा दर खोटा निघेल.