गाडीच्या वेळांचा मजकूर आणि मध्यरात्रीची मेख

गणपतीच्या आधी कोकणातल्या प्रत्येक वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुठल्यातरी गाडीच्या वेळा फिरत असतात. कुणीतरी त्या संकेतस्थळावरून उचलून चिकटवलेल्या असतात. मूळ ठिकाणी नीट रकान्यांत असलेलं वेळापत्रक इथे येईपर्यंत एका दमात म्हटलेल्या पाढ्यासारखं झालेलं असतं:

```
CSMT -- 23:05 DR 23:15 23:17 TNA 23:42 23:45
PNVL 00:25 00:30 CHI 03:28 03:30 RN 05:10 05:15
KKW 07:20 07:22 KUDL 07:42 07:44 SWV 08:06 08:08
THVM 08:40 08:42 MAO 10:15 --
```

या वेळा नमुन्यादाखल घेतल्या आहेत, त्यावर विसंबून स्टेशनावर जाऊ नका. स्थानकांची संक्षिप्त नावं मात्र रेल्वेचीच आहेत: DR म्हणजे दादर, CHI चिपळूण, RN रत्नागिरी, KKW कणकवली, SWV सावंतवाडी रोड, MAO मडगाव. तक्ता करायचा असेल तर ही छोटी नावंच सोयीची. ‘सावंतवाडी रोड’ असं पूर्ण नाव असेल, तर मोकळ्या जागेवर तुकडे पाडताना ‘रोड’ वेगळा पडतो आणि आगमनाच्या रकान्यात जाऊन बसतो.

प्रत्येक स्थानकाला दोन वेळा, गाडी येण्याची आणि सुटण्याची. अपवाद दोनच. पहिल्या स्थानकावर गाडी येत नाही आणि शेवटच्यावरून सुटत नाही. वरच्या मजकुरात ते `--` या खुणेने दाखवलं आहे. स्थानकं ११, म्हणजे जागा २२. त्यांतल्या दोन रिकाम्या, म्हणून वेळा २० असायला हव्यात. कामाला लागण्याआधी त्या मोजून घ्याव्यात.

मजकूर इकडून तिकडे चिकटवताना सर्वांत आधी हरवते ती ही रिकामी जागा. CSMT पुढची खूण गळली, की २३:०५ ही मुंबईला येण्याची वेळ ठरते, दादरला येण्याची वेळ मुंबईहून सुटण्याची होते आणि पुढची प्रत्येक जोडी एका घराने सरकते. तक्ता दिसायला अगदी व्यवस्थित असतो, म्हणूनच ही चूक धोक्याची. ती पकडायची तर थांबा किती मिनिटांचा आहे, ते काढून पाहावं. खऱ्या तक्त्यात थांबे दोन ते पाच मिनिटांचे येतात. सरकलेल्या तक्त्यात ००:३० आणि ०३:२८ यांची जोडी लागते आणि गाडी एका स्थानकावर दोन तास अठ्ठावन्न मिनिटं उभी असल्याचं दिसतं. ती खरं तर पनवेल ते चिपळूण ही धाव आहे.

प्रत्येक स्थानक नव्या ओळीवर आणायचं काम हाताने करता येतं, पण लांब गाडीला कंटाळा येतो. नोटपॅड++ सारख्या संपादकात ‘शोधा आणि बदला’मध्ये रेग्युलर एक्स्प्रेशनचा पर्याय निवडून हे द्यावं. पहिली ओळ शोधण्याची, दुसरी बदलण्याची:

```
(\w+) (--|\d\d:\d\d) (--|\d\d:\d\d)\s*
$1\t$2\t$3\n
```

एक नाव आणि त्यामागे दोन वेळा असा प्रत्येक गठ्ठा शोधून तो स्वतंत्र ओळीत टाकला जातो. मग `--` पुसून जागा खरोखर कोरी ठेवायची आणि सगळं एक्सेल किंवा गूगल शीट्समध्ये न्यायचं.

मात्र चिकटवण्याआधी वेळांच्या दोन्ही रकान्यांचं स्वरूप ‘टेक्स्ट’ करून घ्यावं. आपल्याकडे वेळ ११.५० अशी टिंब देऊन लिहायची सवय आहे. स्प्रेडशीट तिला दशांश समजते, शेवटचं शून्य गाळते आणि उरतं ११.५. नंतर पाहणारा ते अकरा वाजून पाच मिनिटं असं वाचतो. पंचेचाळीस मिनिटांची ही चूक डोळ्यांना दिसत नाही. टेक्स्ट केल्यावर टिंबाच्या जागी अपूर्णविराम घालावा आणि तास दोन आकडी ठेवावा, ९:०५ नव्हे तर ०९:०५. ‘रात्री १२.१०’ असं लिहून आलं असेल तर ते ००:१० करावं.

आता मध्यरात्र. आपली गाडी ठाण्याहून २३:४५ला सुटते आणि पनवेलला ००:२५ला पोहोचते. आकडा एकदम लहान झाला, म्हणजे तारीख बदलली. म्हणून तक्त्यात ‘दिवस’ नावाचा चौथा रकाना लागतो. A स्थानक, B आगमन, C सुटणं आणि D दिवस असं धरलं, तर D2 मध्ये १ लिहून D3 पासून खाली हे सूत्र ओढावं:

```
=D2+(C2<B2)+(B3<C2)
```

पुढच्या स्थानकाची वेळ आधीच्या सुटण्यापेक्षा कमी असेल तर दिवस एकाने वाढतो. मधला भाग अशा गाडीसाठी, जी २३:५८ला स्थानकात शिरते आणि ००:०३ला सुटते. थांबा काढायला `=MOD(C3-B3,1)` वापरून त्या रकान्याला वेळेचं स्वरूप द्यावं. त्यात मध्यरात्र आडवी येत नाही.

| स्थानक | आगमन | सुटणं | दिवस |
|---|---|---|---|
| मुंबई सीएसएमटी | | २३:०५ | १ |
| ठाणे | २३:४२ | २३:४५ | १ |
| पनवेल | ००:२५ | ००:३० | २ |
| चिपळूण | ०३:२८ | ०३:३० | २ |
| मडगाव | १०:१५ | | २ |

हा चौथा रकाना नुसता शोभेचा नाही. गाडी ‘दर शुक्रवारी’ असं लिहिलेलं असतं तेव्हा तो वार पहिल्या स्थानकाचा असतो. चिपळूणला ती शनिवारी पहाटे येते. तिथून बसणाऱ्याने शुक्रवारची तारीख धरली, तर तो एक रात्र आधी फलाटावर उभा राहील. उलट ‘शुक्रवारी ००:२०’ला मुंबईहून सुटणारी विशेष गाडी म्हणजे गुरुवारी रात्री जेवण उरकून निघायचं. लोकांचा घोटाळा यातच सर्वांत जास्त होतो.

कधी एखाद्या लहान स्थानकासमोर एकच वेळ दिलेली असते. ती बहुधा सुटण्याची असते. दोन्ही रकान्यांत तीच भरून टाकायचा मोह होतो, पण माझ्या मते आगमन कोरं ठेवणंच प्रामाणिक. फक्त कोऱ्या घराला सूत्र शून्य समजतं आणि उगाच दिवस वाढवतं, म्हणून त्या ओळीचा दिवस हाताने लिहावा. विशेष गाड्यांच्या पत्रकांत तर अनेकदा सुटण्याची आणि शेवटी पोहोचण्याची एवढ्या दोनच वेळा असतात, मधल्या थांब्यांची नुसती नावं. त्यातून स्थानकवार तक्ता होत नाही. दुसऱ्या गाडीवरून अंदाजाने भरलेला आकडा पुढे पाठवला, की तो अंदाज होता हे कुणाला कळत नाही. एसटीचंही तसंच. मधल्या स्थानकावर ‘मार्गे’ जाणाऱ्या गाडीची मूळ आगाराहून सुटण्याची वेळ तेवढी हाती असेल, तर तेवढीच लिहावी.

तक्ता तयार झाला की त्याच्या डोक्यावर गाडीचा क्रमांक, मजकूर कुठून व कोणत्या तारखेला घेतला ते आणि वेळापत्रक पावसाळी की बिगरपावसाळी हे जरूर लिहा. कोकण रेल्वेवर पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी ठेवतात आणि बऱ्याच गाड्यांच्या वेळा बदलतात. मे महिन्यात केलेला तक्ता गणपतीला चालत नाही.